कुंडीतली मेथी, पालक आणि कोथिंबीर: कोकणात ऑक्टोबर ते मार्च खंड न पडता पाला मिळावा म्हणून पेरणीचं वेळापत्रक

पाऊस गेला की कोकणात घरोघरी कुंड्या भरल्या जातात आणि आणलेलं सगळं बी बहुतेक जण एकाच दिवशी पेरून मोकळे होतात. महिन्याभराने खळ्यात इतकी मेथी होते की शेजारी वाटावी लागते, आणि त्यानंतर थेट पुढचा महिनाभर बाजारातली जुडी. बी चांगलं असतं, मातीही चांगली असते. चुकतं ते एवढंच की पेरणी एकदाच झालेली असते.

यावर सगळेच सांगतात की थोडं थोडं पेरा, दर पंधरा दिवसांनी पेरा. पण तिन्ही भाज्यांना पंधरा दिवस हा एकच हिशेब चालत नाही. मेथी एकदा उपटली की कुंडी रिकामी होते. पालक एकदा लावला की दोन-अडीच महिने कापता येतो. कोथिंबीर या दोघींच्या मधली, दोन वेळा खुडून देते आणि मग फुलावर जाते. म्हणून मेथी दर आठवड्याला पेरायची, कोथिंबीर दर दहा दिवसांनी, आणि पालक हंगामात फक्त दोनदा, तोही दोन खोक्यांत आठवड्याच्या अंतराने. हे एवढं धरलं की बाकीचं सगळं खोकी मोजण्याचं काम उरतं.

पुढचा हिशेब चार माणसांच्या घराचा आहे. घर वेंगुर्ले-मालवणच्या बाजूला, समुद्रापासून जवळ, पुढे खळं आणि एका अंगाला पडवी. आठवड्यातून एकदा मेथीची भाजी, एकदा पालक, आणि आमटीवर, पोह्यांवर रोज चिमूटभर कोथिंबीर, एवढी गरज धरली आहे. तुमचं घर लहान असेल तर खोकी लहान घ्या. पेरणीची अंतरं मात्र कमी-जास्त करू नका, कारण ती माणसांवर ठरत नाहीत, झाडाच्या वाढीवर ठरतात.

किती खोकी लागतील

मासळी बाजारात बर्फ भरून येणारी थर्माकोलची खोकी पालेभाजीसाठी मातीच्या कुंडीपेक्षा बरी पडतात. ती फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळतात, वजनाला हलकी असतात आणि थर्माकोलमुळे दुपारच्या उन्हात मुळं तापत नाहीत. साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि वीतभर खोल खोकं घ्या. आणल्या आणल्या आत माती भरायची नाही. मासळीचं आणि मिठाचं पाणी थर्माकोलात मुरलेलं असतं, म्हणून दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवा आणि आठ दिवस उघड्यावर उन्हात ठेवा. मग तापवलेल्या सळईने तळाला आठ-दहा भोकं पाडा आणि बाजूच्या भिंतींनाही तळापासून बोटभर उंचीवर चार भोकं ठेवा. तळाची भोकं खळ्याच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकून बुजतात, तेव्हा बाजूची भोकं कामाला येतात. खोक्याखाली दोन चिरे किंवा विटा दिल्या तर आणखी चांगलं.

असं एक खोकं मेथीचं भरगच्च आलं की निवडून दीडशे ते दोनशे ग्रॅम पाला मिळतो. नुसत्या मेथीची भाजी करायची तर चार माणसांना हे कमी पडेल. पण आपल्याकडे भाजीत कांदा, भिजवलेली मूगडाळ आणि मूठभर ओलं खोबरं पडतं, त्यात ते पुरतं. म्हणजे आठवड्याला मेथीचं एक खोकं.

मेथी पेरल्यापासून उपटेपर्यंत साधारण २८ दिवस जातात. उपटल्यावर माती उन्हात टाकून, खत घालून पुन्हा पेरायला एक आठवडा धरा. एका खोक्याची फेरी झाली ३५ दिवसांची, म्हणजे पाच आठवड्यांची. दर आठवड्याला एक पेरायचं तर मेथीची पाच खोकी हवीत. चार खोक्यांत भागवायला गेलं की माती विसाव्याविना पुन्हा पेरली जाते आणि तिसऱ्या फेरीला रोपं कोलमडायला लागतात.

कोथिंबिरीला बारा इंची कुंडी पुरे. पेरल्यापासून चाळीस दिवसांनी खुडायला येते आणि पुढे वीसेक दिवस देते. त्यानंतर दहा दिवस माती तयार करायला. एकूण ७० दिवस. दर दहा दिवसांनी पेरायचं तर सात कुंड्या.

पालकाला दोन खोकी चालू आणि दोन पुढच्या फेरीसाठी, अशी चार लागतात. म्हणजे एकूण नऊ खोकी आणि सात कुंड्या. आकडा ऐकून पुष्कळ जण बिचकतात, पण खळ्याच्या कडेला किंवा गच्चीच्या एका भिंतीला एवढं सहज मावतं. जागा खरंच नसेल तर पालक वगळा. तो बाजारात हमखास मिळतो. कोथिंबीर मात्र घरचीच हवी, कारण दोन काड्यांसाठी जुडी आणायची आणि उरलेली फ्रिजात काळी पडताना बघायची, हा सगळ्यात मोठा अपव्यय आहे.

जागा आणि माती

समुद्राकाठी घर असेल तर खोकी घराच्या पूर्वेला ठेवा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो निरुपद्रवी. दुपारी सुटणारा खारा वारा पानांवर मिठाचे कण आणून टाकतो आणि कोवळ्या कोथिंबिरीची टोकं त्याने भाजतात. पूर्वेला सकाळचं पाच तास ऊन मिळतं आणि दुपारी घराची सावली पडते. ऑक्टोबरच्या उन्हात तर हीच जागा हवी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकतो, तेव्हा खोकी थोडी पुढे ओढून घ्या.

आपली तांबडी माती जांभ्याची, आम्लधर्मी. मेथी-कोथिंबीर त्यात निभावून नेतात. पालक मात्र कुढतो, पानं लहान आणि पिवळट राहतात. आपल्या बाजारात पालक म्हणून जे बी मिळतं ते बहुतेक वेळा बीटच्या कुळातलं असतं, आणि बीटला आंबट जमीन मानवत नाही. उपाय घरचाच आहे. चुलीची राख चाळून पालकाच्या प्रत्येक खोक्याला दोन मुठी आणि बाकीच्यांना एकेक मूठ मातीत मिसळा. त्यापेक्षा जास्त घालू नका, माती उलट बाजूला जाते. ज्या राखेत प्लॅस्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जळलंय ती अजिबात नको.

मिश्रण असं करा: दोन भाग चाळलेली तांबडी माती, दोन भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा पातेऱ्याचं खत, एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा. सोडण ताजं असेल तर त्याचा तपकिरी रस रोपांना सोसत नाही. भुसा बादलीत भिजवून दोन-तीन वेळा पाणी बदला, पाणी जवळजवळ स्वच्छ दिसायला लागलं की वापरा. शेणखत कुजलंय का ते वासावर ओळखा. शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही. माती मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोटाने टोचला की सुटावा, एवढी भुसभुशीत हवी. पालक-कोथिंबिरीसाठी माती वीतभर खोल लागते, मेथीला पाच इंच पुरतात. मेथीच्या खोक्यात तळाला निम्म्यापर्यंत वाळका पातेरा दाबून भरा. माती वाचते आणि पुढच्या फेरीपर्यंत त्याचंही खत होऊ लागतं.

बी: तिघांच्या तीन तऱ्हा

मेथीचं बी स्वयंपाकघरातलं चालतं. मूठभर दाणे पाण्यात टाका, तरंगणारे काढा, उरलेले रात्रभर भिजवा. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी मोड दिसतो. एवढ्यावरच पेरा. मोड लांब झाले की पेरताना तुटतात. एका खोक्याला दीड मोठा चमचा कोरडी मेथी पुरते. फेकून पेरली की मध्ये दाट आणि कडेला विरळ होते, म्हणून आधी निम्मे दाणे लांबीच्या दिशेने टाका आणि उरलेले आडवे. दाण्यांमध्ये साधारण एका दाण्याएवढी जागा दिसली पाहिजे. वरून अर्ध्या बोटाच्या पेराएवढी बारीक माती. तीन-चार दिवसांत उगवून येते.

कसुरी मेथीचं बी वेगळं असतं, दाणा बराच बारीक. ती वाढायला फार वेळ घेते आणि तिला आपल्यापेक्षा जास्त थंडी लागते. या वेळापत्रकात ती बसत नाही.

धण्याचं तसं नाही. धणा म्हणून आपण जो गोल दाणा बघतो, त्याच्या आत दोन बिया असतात, एकमेकींना पोट लावून. दाणा अख्खा पेरला की कवच भिजायला वेळ जातो आणि दोन रोपं एकाच जागी गर्दी करतात. म्हणून धणे जमिनीवर पसरून चपलेच्या तळव्याने किंवा पाट्यावर हलक्या हाताने रगडून दुभंगून घ्यायचे. इथे जोर लावला की काम बिघडतं. रगडल्यावर चार-पाच दाणे हातात घेऊन बघा: अर्धगोल, एका बाजूने सपाट अशा सरळ फाका झाल्या पाहिजेत. भुकटी दिसली किंवा फाकेच्या कडा तुटलेल्या दिसल्या तर आतलं बी चिरडलंय, ते उगवणार नाही. फाका बारा तास भिजवा, निथळा आणि पेरा. कुंडीला अर्धा छोटा चमचा धणे, म्हणजे ऐंशी-नव्वद दाणे. अर्ध्या-पाऊण इंच खोल. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, त्यामुळे सातव्या दिवशी माती उकरून बघायची घाई करू नका. किराणा दुकानातले धणे कधी चांगले उगवतात, कधी निम्मेही नाही, कारण ते किती जुने आहेत याचा पत्ता नसतो. शक्यतो पाल्यासाठीचं बी कृषी सेवा केंद्रातून घ्या. ते फुलावर उशिरा जातं, आणि कोकणात तोच मोठा फायदा आहे. विकतचं बी गुलाबी किंवा निळ्या औषधाने रंगवलेलं असेल तर भिजवलेल्या पाण्याला हात लावल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी फोडणीत टाकू नका.

पालकाचं बी खडबडीत, कोपरे असलेला गोळा. तो एक दाणा दिसतो, पण त्यात दोन-तीन बिया चिकटलेल्या असतात. त्यामुळे कितीही अंतर ठेवून पेरलं तरी रोपं पुंजक्यानेच उगवतात. रात्रभर भिजवा, खोक्यात लांबीच्या दिशेने चार ओळी काढा आणि ओळीत चार बोटांवर एकेक गोळा पुरा, अर्धा इंच खोल. साधारण आठवड्याने उगवतो. दोन खरी पानं आली की पुंजक्यातलं सगळ्यात जोमदार रोप ठेवा आणि बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. कापलेली इवली पानं आमटीत टाका. बियांमध्ये ऑल ग्रीन ही जुनी जात सगळीकडे मिळते आणि कापून कापून वाढते. आणखी शोधाशोध करायचं कारण नाही.

वेळापत्रक

ऑक्टोबरचा दुसरा रविवार धरा. परतीच्या पावसाच्या मोठ्या सरी बहुधा संपत आलेल्या असतात. आपण ११ ऑक्टोबर ही तारीख घेऊ.

मेथीचं पहिलं खोकं ११ ऑक्टोबरला. मग १८ आणि २५ ऑक्टोबर, १ आणि ८ नोव्हेंबर अशी उरलेली चार. पाचवं पेराल त्याच दिवशी पहिलं उपटायला येतं. ८ ते १५ नोव्हेंबर हे पहिलं खोकं मोकळं, १५ ला त्यात पुन्हा पेरणी. इथून पुढे दर रविवारी तीनच कामं: एक खोकं उपटायचं, गेल्या रविवारी उपटलेलं पेरायचं, आणि नुकतं रिकामं झालेलं उन्हात पसरायचं. प्रत्येक खोक्यावर पेरणीची तारीख मार्करने लिहा. बिया कोणत्या रविवारी पडल्या हे तिसऱ्या फेरीनंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

पालकाचं पहिलं खोकं ११ ऑक्टोबर, दुसरं १८ ला. पाच आठवड्यांनी पहिली कापणी, पुढे दर दोन आठवड्यांनी. पहिलं खोकं १५ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, १३ डिसेंबर असं देतं. दुसरं मधल्या रविवारी, म्हणजे २२ नोव्हेंबर, ६ डिसेंबर असं. म्हणून दोन खोक्यांत दर आठवड्याला पालक. पाच कापण्यांनंतर पानं लहान आणि जाड होतात. पहिल्याची पाचवी कापणी येते १० जानेवारीला आणि दुसऱ्याची १७ ला. त्यामुळे २४ जानेवारीला तिसरं खोकं कापायला तयार हवं. त्याच्या पाच आठवडे आधी, २० डिसेंबरला, ते पेरलेलं असलं पाहिजे. चौथं २७ डिसेंबरला. या वेळी जुनी खोकी अजून भरभरून देत असतात, त्यामुळे नवीन पेरायची गरजच वाटत नाही. खंड पडतो तो नेमका इथे.

कोथिंबीर ११, २१, ३१ ऑक्टोबर, मग १०, २०, ३० नोव्हेंबर आणि १० डिसेंबर. सातवी कुंडी पेराल तेव्हा पहिली संपत आलेली असते. तिला दहा दिवस द्या आणि २० डिसेंबरला पुन्हा पेरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात धणे नीट उगवत नाहीत. म्हणून पहिल्या दोन-तीन कुंड्या पडवीत सावलीला ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं. पहिला हिरवा कोंब दिसला त्याच दिवशी ते काढायचं. एक दिवस उशीर झाला की कोंब गोणपाटात अडकून पिवळे आणि लांबुळके होतात.

पहिले चार आठवडे हातात काहीच नसतं. ते भरून काढायला समुद्रमेथीची युक्ती वापरा. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या ज्या छोट्या जुड्या मिळतात, ती वेगळी जात नव्हे. तीच मेथी किनाऱ्याच्या वाळूत दाट पेरून दोन पानांची असतानाच मुळासकट उपटलेली. पसरट टबात तळाला भोकं पाडून तीन इंच धुतलेली रेती घाला, भिजवलेली मेथी एकमेकांना जवळजवळ टेकतील इतकी दाट पेरा, आणि दहा-बारा दिवसांत उपटा. मुळांची वाळू दोन-तीन पाण्यांत निघते. रेतीत अन्न काही नाही, पण एवढ्या दिवसांपुरतं बियांतलंच पुरतं. त्यापुढे वाढवायचा हट्ट धरला तर पिवळी पडते.

जमत नसेल तर एखादी पेरणी चुकली तरी चालेल, असं वाटतं. पण चुकलेला रविवार त्या आठवड्यात दिसत नाही, चार आठवड्यांनी ताटात दिसतो, आणि तेव्हा त्यावर इलाज नसतो. दुसऱ्या रविवारी दोन खोकी पेरून भरपाई होत नाही, ती दोन्ही एकदमच येतात. चुकली तर चुकली म्हणून सोडा आणि पुढच्या तारखेला एकच पेरा.

पाणी आणि कापणी

पाणी सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी आपल्या दमट हवेत रात्रभर पानांवर आणि मातीवर राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं. झारीचं तोंड बारीक भोकांचं असावं, नाहीतर मेथीचं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोज द्यायचंच असं नाही. बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या.

मेथी फूटभर उंच होण्याची वाट बघू नका. वीतभर झाली की उपटा. काही जण वरून कापून दुसऱ्या फुटीची वाट बघतात. दुसरी फूट येते, पण ती निम्म्याहून कमी आणि थोडी कडू असते, आणि खोकं आणखी तीन आठवडे अडून राहतं. आठवड्याच्या पेरणीत ते परवडत नाही.

पालक जमिनीपासून दोन बोटं ठेवून धारदार कात्रीने कापा. मध्यावर जी कोवळी, अजून न उलगडलेली पानं असतात ती वाचली पाहिजेत, पुढची फूट तिथूनच येते. एक खोकं एकाच दिवशी पूर्ण कापा. येता-जाता चार पानं तोडत राहिलं की दोन आठवड्यांचं गणित मोडतं. कापल्यावर दोन दिवसांनी गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून किंवा जीवामृत पातळ करून मुळाशी द्या, पानांवर नको. मेथीला असल्या खताची गरज नाही. ती शेंगवर्गातली, नत्राची सोय बरीचशी स्वतःच करते. जास्त खत दिलेली मेथी लुसलुशीत होऊन आडवी पडते.

कोथिंबिरीची बाहेरची मोठी पानं देठासकट आधी खुडा, मधला कोंब ठेवा. कुंडीच्या एका बाजूने सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिली बाजू पुन्हा फुटलेली असते.

काय बिघडतं आणि कसं ओळखावं

मेथीची रोपं आठ-दहा दिवसांची असताना सकाळी एका गोल पट्ट्यात आडवी झालेली दिसली, तर एक रोप हळूच उपटून मातीच्या पातळीवर बघा. देठ तिथे पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर ती बुरशीने येणारी मर आहे. पाण्याची कमतरता असती तर पानं आधी मलूल झाली असती आणि देठ शाबूत असता. त्यामुळे घाबरून जास्त पाणी घालू नका, त्याने ती पसरते. आडवी रोपं आणि त्यांच्या भोवतालची बोटभर माती काढून टाका, दोन दिवस पाणी बंद ठेवा, खोकं उन्हात सरकवा. पुढच्या फेरीला बी विरळ टाका आणि शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून मग ते वापरा. एकाच मातीत मेथीच्या दोन फेऱ्या झाल्या की ती माती कोथिंबिरीच्या रिकाम्या कुंडीशी अदलाबदल करा.

कोथिंबिरीची नवी पानं रुंद येण्याऐवजी बडीशेपेच्या पानासारखी चिरलेली, बारीक यायला लागली की ती फुलावर चालली. अजून दांडा दिसत नसतो, पण निर्णय झालेला असतो. शेंडा खुडून ती थांबत नाही. त्या दिवशी सगळी कुंडी कापून घ्या आणि हिरवी चटणी करा. ऊन वाढलं, कुंडी कोरडी पडली किंवा दाटी झाली की हे लवकर होतं. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत रात्री १८-२० अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा कोथिंबीर निवांत वाढते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरलेली मात्र चाळिशी गाठायच्या आधीच फुलते. म्हणून शेवटची कुंडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर हवीच असेल तर निम्मं ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली, आणि पंचविसाव्या दिवशी लहान असतानाच उपटून वापरायची.

पालकावर गोल, मध्ये राखाडी आणि कडेला लालसर ठिपके आले तर ती पानं तोडून घराबाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नको. पाणी पानांवरून देणं बंद केलं आणि ओळी मोकळ्या केल्या की नवीन पानं बहुधा स्वच्छ येतात.

आता पाण्याबद्दल, कारण किनाऱ्यावर हे फार कमी लोक लक्षात घेतात. खाडीजवळच्या विहिरी जानेवारीनंतर हळूहळू मचूळ होतात. चवीला फारसं कळत नाही, पण पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात आणि खोक्याच्या काठाला पांढरा थर धरतो. मेथी आणि कोथिंबिरीला हे पाणी सोसत नाही. पालक बीटाच्या नात्याने बरंच सोसून घेतो. नळाचं किंवा पागोळीचं साठवलेलं गोडं पाणी थोडंच असेल तर ते कोथिंबीर-मेथीला ठेवा आणि विहिरीचं पालकाला. शिवाय दहा-बारा दिवसांतून एकदा प्रत्येक खोक्याला तळातून धो धो वाहेपर्यंत गोडं पाणी द्या, म्हणजे साठलेलं मीठ निघून जातं. खोक्याला भोकं नीट नसतील तर याचा उपयोग शून्य.

आणि कोंबड्या. पेरलेलं खोकं उघडं ठेवलं तर पाच मिनिटांत उकरून ठेवतात. जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा चार काठ्यांवर ताणून बांधला की काम भागतं, उन्हालाही अडथळा होत नाही. लाल मुंग्या पेरलेले दाणे पळवतात. त्यांच्यासाठी खोक्याखालच्या विटांभोवती राखेची रेघ ओढा आणि राख ओली झाली की नव्याने टाका.

मार्चनंतर

शिमग्यानंतर मेथीची फेरी चालू ठेवता येते, फक्त दुपारची सावली लागते आणि ती २८ ऐवजी २२-२३ दिवसांतच काढावी, नाहीतर कडू होते. पालकाची दुसरी जोडी मार्चअखेर थकते. त्यांच्या जागी तांबडा माठ पेरा, त्याला उकाडा आवडतो. मे महिन्यात सगळी माती ताडपत्रीवर पसरून आठ दिवस कडक उन्हात तापवा, पातेऱ्याच्या खताबरोबर गोणीत भरून पडवीत ठेवा. पावसात उघडी राहिलेली माती सप्टेंबरपर्यंत धुऊन निघालेली असते. रिकामी खोकी उपडी करून मांडवाखाली रचा. उताणी ठेवली तर पाणी साचून डास होतात. पावसात मेथी हवीच असेल तर पडवीच्या कडेला, वळचणीच्या आत, टबात समुद्रमेथीसारखी दहा-बारा दिवसांची काढा. पूर्ण वाढवायला गेलात तर जुलैच्या दमटपणात मर तिला सोडत नाही.